पात्राच्या तोंडी कोणत्या गावची बोली

मराठी कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत आणि दूरचित्रवाणी मालिकांत खेड्यातले पात्र बोलू लागले की पुष्कळदा अशी एक भाषा कानावर पडते, जी महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात बोलली जात नाही. तिच्यात ‘म्या’ असतो, ‘लई’ असते, ‘व्हय’ असते, ‘ण’ दिसेल तिथे ‘न’ झालेला असतो आणि वाक्य ‘रं’ किंवा ‘बगा’वर संपते. यातले प्रत्येक रूप कुठे ना कुठे खरोखर बोलले जाते. पण सातारा, सोलापूर, बीड आणि अकोला इथून एकेक रूप उचलून ती सगळी एकाच तोंडात घातली की तयार होणाऱ्या बोलीला गाव राहत नाही. या प्रकरणात तिला ‘रंगमंचीय ग्रामीण’ असे नाव दिले आहे. ती ऐकणाऱ्याला पात्र खेडवळ आहे एवढेच समजते. ते कुठले, काय करणारे, किती वयाचे आणि समोरच्याशी कोणत्या नात्याने बोलणारे, यांपैकी काहीच समजत नाही. व्यंगचित्र होते ते इथेच, आणि लेखकाच्या मनात पात्राविषयी कितीही माया असली तरी ते टळत नाही.

बोलीत लिहिताना तीन थर वेगळे ओळखावे लागतात. पहिला ध्वनीचा, म्हणजे ‘पाणी’ की ‘पानी’, ‘डोळा’ की ‘डोया’ हा. दुसरा व्याकरणाचा, म्हणजे विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदाची रूपे, लिंग आणि पुरुष यांचा. तिसरा थर संवादाच्या रीतीचा असून त्यात कोण कोणाला तू म्हणतो, नकार कसा देतो, दुसऱ्याचे बोलणे कसे सांगतो, विषय कसा बदलतो हे सारे येते. लिहिणाऱ्याचा हात बहुधा पहिल्या थराकडे आधी जातो, कारण शब्दाचे स्पेलिंग बदलणे सोपे असते आणि पानावर ते लगेच दिसते. परंतु बोलणाऱ्याचा प्रदेश सर्वांत भक्कमपणे सांगतो तो दुसरा थर आणि माणूस सांगतो तो तिसरा. ध्वनीचा थर जवळजवळ रिकामा ठेवूनही पात्र अस्सल वाटू शकते. उरलेले दोन चुकले तर मात्र कितीही ‘न’ आणि ‘लई’ पेरून ते सावरत नाही.

ध्वनीच्या थरात एक अन्यायही दडलेला असतो. जॉर्ज क्रॅप या अमेरिकी अभ्यासकाने 1925 मध्ये इंग्रजीच्या संदर्भात एका लेखनप्रकाराला नाव दिले होते; त्याला मराठीत ‘डोळ्यांपुरती बोली’ म्हणता येईल. सगळेच जण जो उच्चार करतात तो फक्त अशिक्षित पात्राच्या तोंडी वाकडा लिहायचा आणि सुशिक्षित पात्रासाठी मात्र शब्द शब्दकोशाप्रमाणे ठेवायचा, अशी ही रीत आहे. मराठीत तिची उदाहरणे पानोपानी सापडतात. घाईत बोलताना प्राध्यापकही ‘पाहिजे’चा उच्चार ‘पायजे’ असाच करतात, ‘नाही’तला ‘ह’ त्यांच्याही तोंडून गळतो आणि ‘काहीतरी’चे ‘कायतरी’ होते. असे असताना कादंबरीतले प्राध्यापक ‘मला पाहिजे’ म्हणतात आणि त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाई ‘मला पायजे’ म्हणतात. दोघांचा उच्चार एकच असून केवळ लेखणीने बाईंना खालच्या पायरीवर उभे केले आहे. त्यामुळे स्पेलिंग बदलण्यापूर्वी एक कसोटी लावावी: हा उच्चार याच पात्राचा आहे की सर्वांचाच? सर्वांचा असेल तर एक तर सर्वांच्याच तोंडी तो लिहावा, नाहीतर कोणाच्याच नाही.

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही पात्राच्या तोंडी उच्चारानुसार लेखन करायला मोकळीक दिली आहे. ‘असे केले’ऐवजी ‘असं केलं’ हे त्याचेच नेहमीचे उदाहरण. ही मोकळीक खेडे आणि शहर असा भेद करत नाही, ही गोष्ट लिहिणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

व्याकरणाचा थर किती काटेकोर असतो, हे एकट्या ‘म्या’वरून दाखवता येते. ‘म्या’ हे मुळात ‘मी’चे तृतीयेचे, म्हणजे कर्ता ‘मी’ असून क्रिया पार पडलेली असते तेव्हाचे रूप आहे. ‘म्या सांगितलं’, ‘म्या पाहिलं’ अशा सकर्मक भूतकाळी वाक्यांत ते शोभते. ‘राम’चे ‘रामानं’ होते, पण ‘रामानं जातो’ असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने ‘म्या जातो’ किंवा ‘म्या हाय ना हितं’ अशी वाक्ये बोलीच्या स्वतःच्या नियमात बसत नाहीत. रंगमंचीय ग्रामीणात मात्र ‘म्या’ सर्वत्र पसरलेला असतो, कारण लिहिणाऱ्याच्या लेखी तो ‘मी’चा केवळ गावरान अवतार असतो. बोलीला व्याकरण नसते, ती प्रमाणभाषा मोडून तयार होते, हा समज या चुकीच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात बोलीचे नियम प्रमाणभाषेइतकेच पक्के असतात, आणि ते मोडले की त्या भागातला वाचक पहिल्याच ओळीला पुस्तक मिटतो.

याच्या उलट दिशेची चूकही होते. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका स्वतःविषयी ‘मी जातो’, ‘मी येतो’ असे बोलतात. पुण्यामुंबईच्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते, आणि ज्याला ही गोष्ट माहीत नाही असा लेखक आपल्या कोल्हापुरी नायिकेच्या तोंडी ‘लई’ आणि ‘व्हय’ भरपूर घालतो, पण क्रियापद मात्र ‘जाते’ असे पुणेरी ठेवतो. बोली दाखवायची म्हणून त्याने जे पेरले ते महाराष्ट्रात इतरत्रही सापडेल. जे त्या मुलखाचे नेमके होते तेच निसटले.

क्रियापदाची चालू काळाची रूपे हा तर मराठी बोलींचा नकाशाच आहे. ‘तू काय करतो आहेस’ हे एकच वाक्य कोल्हापुरात ‘काय करालायस?’ असे, मराठवाड्यात ‘काय करायलास?’ असे आणि वऱ्हाडात ‘काय करून राहिला?’ असे कानावर पडते. एका क्रियापदाने पात्र नकाशावर उभे राहते आणि वाचक अडखळतही नाही, कारण अर्थ चटकन कळतो. म्हणूनच बोलीची निवड करताना उच्चाराच्या खुणांपेक्षा अशा रूपांना आधी जागा द्यावी. तीच रूपे मिसळली तर गोंधळही सर्वांत मोठा होतो: ‘मले सांगालायस काय?’ या तीन शब्दांत ‘मले’ वऱ्हाडचे आणि ‘सांगालायस’ कोल्हापूरचे आहे, आणि असा माणूस शोधायचा झाला तर त्याचे बालपण एका मुलखात व उमेद दुसऱ्या मुलखात गेली, हे कथेनेच सांगावे लागेल.

हे सारे प्रत्यक्ष लिहिताना कसे घडते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. अकोला जिल्ह्यातले एक खेडे आहे. कापसाची वेचणी झाली आहे, घरात कापूस रचून ठेवला आहे आणि खेडा खरेदीसाठी, म्हणजे गावात येऊन दारातच माल विकत घेण्यासाठी, व्यापारी आला आहे. घरात पंचाहत्तरीची आजी आहे, पन्नाशीला आलेला तिचा मुलगा आहे आणि पुण्यात नोकरी करणारी नात फोनवर आहे. मुलाला आजच माल द्यायचा आहे, कारण सोसायटीचे कर्ज भरायचे आहे. आजीचे मत थांबावे असे आहे.

आजीचे वाक्य रंगमंचीय ग्रामीणात सहसा असे लिहिले जाईल: “अरं द्येवा! म्या काय म्हन्ते लेकरा, येवड्या घाईनं कापूस कशापायी इकतुयास रं? उतावळा नवरा आन् गुडघ्याला बाशिंग!” या ओळीत ‘म्या म्हन्ते’ व्याकरणात बसत नाही, ‘इकतुयास’ आणि ‘रं’ पश्चिम महाराष्ट्राकडचे आहेत, ‘द्येवा’ हे म्हातारपण दाखवण्यासाठी आहे आणि म्हण ही आजी असल्याची पावती म्हणून जोडली आहे. सर्वांत वाईट म्हणजे आजीला कापसाविषयी काही ठाऊक आहे, असे या ओळीवरून मुळीच वाटत नाही.

आता वऱ्हाडीची मोजकी वैशिष्ट्ये घ्यावीत. ‘ला’ प्रत्ययाच्या जागी ‘ले’ येतो: मले, तुले, बापाले. अनेकवचनात मध्ये ‘इ’ येते: पोराइले, लोकाइचं. चालू काळ ‘करून राहिला’ असा होतो. पुढे करायच्या गोष्टीची आज्ञा ‘जो’ लावून देतात: येजो, सांगजो, पाहून घेजो. ‘का’ऐवजी ‘काऊन’, ‘तर’ऐवजी ‘त’, ‘नको’ऐवजी ‘नोको’ आणि ‘करावे लागते’ऐवजी ‘करा लागते’ असे बोलले जाते. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणजे ‘काळा’चे ‘काया’ आणि ‘डोळा’चे ‘डोया’. बाईला हाक मारताना ‘वं’ लागते. याशिवाय शेताला वावर, कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी, शेतकऱ्याला कास्तकार आणि बैलगाडीला बंडी हे रोजच्या वापरातले शब्द आहेत. ही सगळी वैशिष्ट्ये एका पात्राला द्यायची नसतात. या आजीसाठी ‘ले’, ‘करून राहिला’, ‘जो’, ‘काऊन’, ‘त’ आणि ‘नोको’ एवढी सहा घेतली आणि ‘ळ’चा ‘य’ सोडून दिला तरी चालते, कारण तो सातत्याने लिहिला तर इतर भागांतल्या वाचकाला शब्द ओळखणे जड जाते. मात्र घेतलेली सहा रूपे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न चुकता यायला हवीत. पहिल्या प्रकरणात ‘मले’ आणि पाचव्यात ‘मला’ झाले, तर वाचकाला ती लेखकाचा विसराळूपणा वाटत नाही. आजीच खोटी वाटू लागते.

मग आजीचे वाक्य असे होईल: “आजच काऊन इकून राहिला? मांगच्या साली असाच घाईनं देल्ला, अन् आठ दिवसानं त्याच यापाऱ्यानं शेजारच्याइले पाचशे जास्त देल्ले. द्यायचाच असन त काटा तू सोता पाहून घेजो. अन् पैसे हातात घेजो, उधारीवर नोको सोडू.” इथे म्हण नाही, देवाचा धावा नाही, दीर्घ निःश्वास दाखवणारी टिंबे नाहीत. आजीचे वय दिसते ते तिच्या बोलण्याच्या चालीत. ती मत सांगत नाही, मागचा प्रसंग सांगते. भाव किती हे बोलत नाही, शेजाऱ्याला किती मिळाले ते बोलते. आणि हरकत घेता घेता ‘द्यायचाच असन त’ म्हणून मुलाचा निर्णय अर्धा मान्य करून लगेच सूचनांवर येते, कारण घरात आता कर्ता मुलगा आहे हे तिला ठाऊक आहे. ‘घेजो’ हे रूप या ओळीत विशेष काम करते. ‘घे’ म्हटले असते तर तो हुकूम झाला असता. ‘घेजो’मध्ये वेळ आली की कर, असा वडिलकीचा सूर आहे. बोलीचे व्याकरण पात्राचा स्वभाव कसा वाहून नेते, याचा हा छोटा नमुना आहे.

मुलाचे उत्तर असे: “माय, सोसायटीचं भरा लागते वं. घरात ठेवून वजन कमीच होते, तुले काय सांगू.” कापूस वाळत जातो तसे त्याचे वजन घटते हे तो सांगतो, पण समजावून सांगत नाही, कारण ज्या घरात दोन पिढ्या कापूस पिकला तिथे ही माहिती अर्ध्या वाक्यात संपते. वाचकाला माहिती मिळावी म्हणून शेतकऱ्याने शेतकऱ्यालाच शेती शिकवायची, ही बोलीतल्या संवादांची नेहमीची खोट आहे. एकदा ती शिरली की पात्राचे वाक्य वाचकाकडे तोंड करून बोलू लागते आणि शुद्ध वऱ्हाडीसुद्धा नाटकी होते.

हाच मुलगा व्यापाऱ्याशी बोलताना बदलतो. “शेठ, ओलावा किती धरून राहिले ते आधी सांगा. बाजार समितीत काल काय निघाला ते माहीत आहे आम्हाले.” इथे ‘तू’ नाही, ‘वं’ नाही, ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ आले आहे आणि शब्द व्यवहाराचे झाले आहेत, पण ‘धरून राहिले’ आणि ‘आम्हाले’ कायम आहेत. बँकेच्या साहेबासमोर तो ‘सर, मला थोडी मुदत द्या’ इतका प्रमाण बोलू शकतो, कारण तो मराठी शाळेत शिकला आहे आणि टीव्ही पाहतो. साहेबाने अपमान केला तर मात्र त्याच ‘मला’चे पुन्हा ‘मले’ होईल. समोरचा कोण आणि प्रसंग कोणता यावरून माणूस आपली भाषा सरकवतो, हे समाजभाषाविज्ञानाने, म्हणजे समाज आणि भाषा यांचे नाते तपासणाऱ्या शास्त्राने, विल्यम लबॉव यांच्या 1960 च्या दशकातल्या कामापासून नोंदवून ठेवले आहे. व्यंगचित्रातला खेडूत मात्र कलेक्टरशी, बायकोशी आणि बैलाशी एकच भाषा बोलतो. पात्राला किती बोली द्यायची या प्रश्नापेक्षा ती कोणासमोर किती द्यायची हा प्रश्न अधिक फळतो. बोलीचे प्रमाण एका दृश्यात कमी-जास्त झाले तरच सत्ता, जवळीक आणि राग संवादातून दिसतात.

नातीचे प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. कार्यालयातल्या मैत्रिणीला ती म्हणते, “अगं, मी मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत कॉल करते.” त्याच मिनिटाला आजीला: “आजी, भाव पाहिला ना मी. बाबाले फोन दे बरं. आज नोको देऊ म्हणा.” दुसऱ्या वाक्यांत ‘बाबाले’ आणि ‘नोको’ परत आले, तरी ‘भाव पाहिला ना मी’ ही रचना शहरातलीच राहिली. पुण्यात काही वर्षे काढलेल्या मुलीकडे घरची बोली अशी अर्धीमुर्धी परतते: विभक्ती आधी परतते, हाका आणि नकार परततात, शब्दसंग्रह बराचसा तसाच राहतो. तिच्या तोंडी अस्सल वऱ्हाडी घातली तर ती पुण्याला गेलीच नाही असे वाटेल, आणि सगळी पुणेरी ठेवली तर आजीशी तिचे नाते तुटलेले दिसेल. कथेला ते तुटणे दाखवायचे असेल तर गोष्ट वेगळी. मग एका फोनमध्ये ‘बाबाले’चे ‘बाबांना’ झाले एवढे पुरते, आणि ते आजीच्या कानाने टिपावे, लेखकाने समजावू नये.

शहरी पात्राला बोली नसते, हा या विषयातला दुसरा मोठा भ्रम आहे. मुंबईत ‘मी त्याला म्हटलं’ऐवजी ‘मी त्याला बोललो’ म्हणतात, मुली ‘मी गेले’ऐवजी ‘मी गेली’ म्हणतात आणि ‘मला मदत कर’चे ‘माझी मदत कर’ होते, ज्यात हिंदीचा हात स्पष्ट दिसतो. सदाशिव पेठेतले निवृत्त गृहस्थ, गिरणगावात वाढलेला व घरी मालवणी बोलणारा कामगार आणि पिंपरीतली संगणक अभियंता यांची मराठी एकमेकींपासून दूर आहे. पण कादंबरीत या तिघांना एकच गुळगुळीत प्रमाणभाषा मिळते आणि फरक फक्त इंग्रजी शब्दांच्या संख्येने दाखवला जातो. इंग्रजी शब्दांचेही नियम असतात: ‘मेल’ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, ‘फाइल’ ती की तो, ‘अपडेट केलं’ की ‘अपडेट दिलं’, यातून माणसाचे कार्यालय आणि वय कळते. खेड्यातल्या पात्रावर बोलीच्या खुणा आणि शहरी पात्र मात्र कोरे, अशी वाटणी केली की बोली हा खेड्याचा दोष असल्यासारखी दिसू लागते.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत व्यंगचित्र बहुधा तीन वाटांनी येते: दर वाक्याला म्हण, सतत ‘आमच्या काळी’ आणि थरथरता आवाज दाखवणारी टिंबे. वृद्ध माणसाचे बोलणे खरे वेगळे होते ते काळ मोजण्याच्या पद्धतीने. तारखेपेक्षा सण आणि हंगाम यांनी वेळ सांगितली जाते. वऱ्हाड-खान्देशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि अनेक आज्यांच्या बोलण्यात ‘एप्रिल’च्या जागी ‘आखाजीच्या आधी’ असते. धान्य किलोत मिळत असले तरी पायलीत सांगितले जाते. नवऱ्याचे नाव घेतले जात नाही, म्हणून ‘पोराचे बाबा’, ‘घरचे’ अशी वळणे येतात, आणि या एका गोष्टीने वाक्याची सारी रचना बदलते. मयत नवऱ्याचेही नाव आजी घेणार नाही. लेखकाने सोयीसाठी तिच्या तोंडी नाव घातले की पिढी चुकते. शिवाय जुन्या माणसांच्या सांगण्यात दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे येते: ‘तो म्हणे, मी नाई देत’. लिखित मराठीतले ‘त्याने नकार दिला’ हे सारांशाचे वाक्य त्यांच्याकडे क्वचितच असते. म्हण वापरायचीच असेल तर ती अर्धवट सोडावी, कारण घरातल्या माणसाला उरलेला अर्धा पाठ असतो.

हे सगळे कानाने मिळवावे लागते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातून गावोगावच्या लोकांचे ध्वनिमुद्रित बोलणे संकेतस्थळावर उपलब्ध झाले आहे, आणि ग्रीअरसन यांच्या भाषिक पाहणीचा मराठीचा खंड 1905 चा असल्याने शंभर वर्षांपूर्वीची रूपे पडताळायला तो उपयोगी पडतो. मात्र आजच्या पात्राच्या तोंडी त्यातले रूप थेट घालू नये. शक्य असेल तर त्या भागातल्या एखाद्या माणसाची परवानगी घेऊन अर्धा तास बोलणे मुद्रित करावे. विषय त्याच्या कामाचा असावा, कारण ‘तुमची बोली बोलून दाखवा’ म्हटले की माणूस तिचे प्रदर्शन मांडतो. नंतर त्यातली दहा मिनिटे शब्दशः उतरवावीत, अडखळणे आणि अर्धी वाक्ये यांसह. उतरवताना लक्षात येते की वेगळे शब्द अपेक्षेपेक्षा थोडे असतात. वेगळी असते ती क्रियापदे, हाका आणि वाक्ये जोडण्याची तऱ्हा. या उताऱ्यावरून पात्रागणिक एक पानाची टीप करावी: निवडलेली पाच-सहा रूपे, कोणाला तू आणि कोणाला तुम्ही, रागात काय बदलते, कोणते शब्द हे पात्र कधीच वापरणार नाही.

निवेदनाची भाषा कोणती ठेवायची, हा निर्णयही इथेच घ्यावा लागतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) बाहेरून आलेला तरुण शिक्षक गोष्ट सांगतो, त्यामुळे निवेदन आणि गावकऱ्यांचे संवाद यांत अंतर राहणे स्वाभाविक आहे. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (1971) सांगणाराच शेतावरचा गडी असल्याने निवेदनही बोलीतच आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) वऱ्हाडी संवादांनी घरातली माणसे उभी केली आहेत. तिन्ही ठिकाणी बोलीचे प्रमाण वेगळे आहे, आणि ते सांगणारा कोण यावरून ठरले आहे. निवेदक लांबचा आणि प्रमाणभाषक असेल, तर पात्रांची बोली जितकी गडद तितकी ती पाहिली जाणारी वस्तू होण्याचा धोका वाढतो. तिथे ध्वनीच्या खुणा कमी कराव्यात आणि व्याकरणाच्या ठेवाव्यात. निवेदकही त्याच बोलीचा असेल तर खुणा दाट असल्या तरी वाचकाचा कान दहा-बारा पानांत रुळतो. अपरिचित शब्दांसाठी कंसात अर्थ देण्यापेक्षा शब्द कामाला लावावा: ‘पऱ्हाटी उपटून वावर मोकळं केलं’ या वाक्यात पऱ्हाटी आणि वावर दोन्ही कळतात.

लिहून झालेला संवाद तपासायची एक खात्रीची पद्धत आहे. पात्राची सगळी वाक्ये प्रमाण मराठीत उतरवून पाहावीत. आजीचे वाक्य ‘आजच का विकतो आहेस? मागच्या वर्षी असाच घाईने दिला आणि आठ दिवसांनी त्याच व्यापाऱ्याने शेजाऱ्यांना पाचशे जास्त दिले’ असे केले तरी ती आजीच राहते, कारण तिचा विचार तिचा स्वतःचा आहे. पहिल्या, नाटकी वाक्याचे असे रूपांतर केले तर हाती ‘घाई का करतोस?’ एवढेच उरते. ज्या ओळीत स्पेलिंग काढल्यावर काही उरत नाही, तिथे बोली दुरुस्त करून उपयोग नसतो. ओळच नव्याने विचारावी लागते. यानंतर त्या भागातल्या, शक्यतो पात्राच्याच वयाच्या माणसाला संवाद मोठ्याने वाचायला द्यावेत आणि तो वाचताना कुठे स्वतःहून शब्द बदलतो ते टिपावे. विचारल्यावर तो बहुधा ‘बरोबर आहे’ म्हणतो, पण जीभ मात्र चुकीच्या रूपावर थांबते.

शेवटचा टप्पा मुद्रितशोधनाचा असतो आणि तिथे बरीच मेहनत वाया जाऊ शकते. मुद्रितशोधक ‘आठ दिवसानं’चे ‘आठ दिवसांनी’ करतो, ‘भरा लागते’चे ‘भरावं लागतं’ करतो आणि कोल्हापूरच्या बाईच्या ‘मी जातो’ला ‘जाते’ करतो. त्याच्या दृष्टीने ती त्याची जबाबदारीच असते. म्हणून हस्तलिखितासोबत पात्रागणिक टिपेची एक प्रत द्यावी आणि तीत बदलायची नाहीत अशी रूपे वाक्यासह लिहावीत, कारण सुट्या ‘जातो’वरून ते बाईच्या तोंडचे आहे हे कळत नाही. संवाद रंगभूमीवर किंवा ध्वनिपुस्तकात जाणार असेल तर त्याच टिपेत लिखाणात न दाखवलेले उच्चारही नोंदवावेत. आजीच्या ओळींत ‘ळ’ छापलेला असला तरी बोलणाऱ्या नटीला तो ‘य’ म्हणायचा आहे, हे तिला तिथेच सांगता येते.